गीझर लावला की देवघरातला दिवा का उजळतो?

"बार्शीला आमचं स्वतःचं दुमजली घर आहे. बोअरच्या मोटरसाठी थ्री फेज मीटर घेतलेलं आहे. दोन वर्षांत टीव्हीचा बोर्ड दोनदा गेला. पहिल्यांदा टीव्ही ठार बंद पडला, दुरुस्तीला ३,८०० रुपये लागले. या जूनमध्ये विजा कडाडल्या त्या रात्रीपासून टीव्ही सुरू होतो, पण सेट-टॉप बॉक्सचं चित्र येत नाही. मेकॅनिक मेन बोर्डाचे ७,५०० सांगतो. त्यापेक्षा ३१,००० चा नवा टीव्हीच घ्यावा म्हणतो. दुकानदार सोबत ३,९९९ ची वाढीव वॉरंटी आणि अख्ख्या घराला ५ केव्हीएचा स्टॅबिलायझर १३,५०० ला देतोय. तो घ्यावा की नुसता सर्ज प्रोटेक्टर पुरेल? व्होल्टेजचा त्रास आहेच. सकाळी गीझर लावला की देवघरातला पिवळा दिवा एकदम उजळतो आणि हॉलचा पंखा जोरात फिरतो. कर्जासोबत बँकेने घराची पॉलिसी काढून दिली होती, तिच्यातून काही मिळेल का?"
— एक वाचक, बार्शी

नमस्कार. दुकानात जाऊ नका. निदान या आठवड्यात तरी नको. पत्रात तुम्ही जाता जाता लिहिलेलं दिव्याचं वाक्य मी तीनदा वाचलं. माझ्या दृष्टीने सगळ्या पत्रात तेच सर्वांत महत्त्वाचं आहे.

गीझर म्हणजे मोठा लोड. तो लावल्यावर घरातला दिवा किंचित मंद झाला तर ते समजण्यासारखं आहे, कारण वायरमध्ये थोडं व्होल्टेज पडतं. दिवा उजळला आणि पंख्याचा वेग वाढला, तर त्याचा अर्थ वेगळा. गीझर एका फेजवर आहे, देवघर आणि हॉल दुसऱ्या फेजवर आहेत, आणि या फेजना परतीची वाट देणारी न्यूट्रल वायर कुठेतरी सैल झाली आहे. (एलईडी बल्ब असता तर तुम्हाला हे कळलंही नसतं; व्होल्टेज थोडं वरखाली झालं तरी त्याचा उजेड सहसा बदलत नाही. देवघरात जुना पिवळा दिवा आहे म्हणून खूण दिसली.)

हिशेब असा. २,००० वॉटचा गीझर साधारण ९ अँपिअर घेतो. न्यूट्रलच्या खराब जोडात दोन ओहमचा अडथळा धरला, तर तिथे १८ व्होल्ट अडकतात. गीझरच्या फेजवर तेवढे कमी होतात आणि बाकीच्या दोन फेजवर नऊ-दहा व्होल्ट वाढतात. शिवाय त्या जोडात दीडशे वॉटपेक्षा जास्त उष्णता तयार होते. म्हणजे मीटरच्या पेटीत किंवा मेन स्विचमध्ये एक छोटी इस्त्री रोज सकाळी तापते आहे असं समजा. तापल्याने जोड आणखी खराब होतो, म्हणून तो आणखी तापतो.

आणि एक दिवस तो तुटतो. तेव्हा काय होतं तेही पाहा. न्यूट्रल नाहीसं झालं की गीझर आणि हॉलमधली उपकरणं एकामागे एक जोडल्यासारखी होतात आणि दोन फेजमधल्या ४०० व्होल्टवर चालू लागतात. या ४०० ची वाटणी समान होत नाही. जड लोड कमी व्होल्टेज घेतो, हलक्या लोडच्या वाट्याला जास्त येतं. गीझर २,००० वॉटचा, हॉलमधला टीव्ही, पंखा आणि दिवे मिळून २०० वॉट, तिसऱ्या फेजवर फारसं काही चालू नाही असं धरा. टीव्हीला साडेतीनशेच्या पुढे व्होल्ट मिळतात. टीव्हीच्या पॉवर बोर्डावरचा मोठा कपॅसिटर सहसा ४०० किंवा ४५० व्होल्टचा असतो. आत येणाऱ्या एसीचं डीसी झाल्यावर साडेतीनशेचे पाचशे होतात, आणि तो फुटतो. फ्यूज जातो, टीव्ही ठार बंद होतो, लाल दिवासुद्धा लागत नाही. तुमचा पहिला बिघाड अगदी अशा वर्णनाचा आहे. तोही याच कारणाने झाला असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, पण संशय दाट आहे. त्या वेळी फक्त टीव्ही गेला हे नशीब. फ्रिज, वॉशिंग मशीन, इन्व्हर्टर, वायफाय मिळून तुमच्या घरात लाखभर रुपयांच्या वस्तू त्याच न्यूट्रलवर आहेत.

खात्री करायला पाचशे रुपयांचा मल्टीमीटर पुरतो. हात सराईत नसेल तर वायरमनकडून करून घ्या. हॉलच्या सॉकेटमध्ये फेज आणि न्यूट्रलमधलं व्होल्टेज आधी गीझर बंद असताना मोजा, मग गीझर चालू असताना. आकडा दोन-तीन व्होल्टने हलला तर ठीक. चांगला आठ-दहा व्होल्टने वाढला तर न्यूट्रल कच्चं आहे. मेन स्विच स्वतः उघडू नका. वायरमनला पॅनेलमधली न्यूट्रल पट्टी, मेन स्विचचे स्क्रू आणि अ‍ॅल्युमिनियमची वायर तांब्याला जोडली आहे ती जागा बघायला सांगा. काळवंडलेला, वितळलेल्या प्लॅस्टिकचा वास येणारा जोड तिथे सापडण्याची शक्यता मोठी आहे. आणखी एक विचारा: न्यूट्रलवर वेगळा फ्यूज बसवलेला आहे का? जुन्या घरांत असतो, आणि तो एकटा उडाला की वर सांगितलेला सगळा प्रकार घडतो. असेल तर तो काढून न्यूट्रल थेट जोडायला सांगा. घरातलं सगळं घट्ट निघालं आणि तरी आकडा वाढतोच आहे, तर दोष मीटरच्या पलीकडे, सर्व्हिस वायरमध्ये किंवा खांबावर आहे. मग १९१२ वर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. 'लाइट वरखाली होते' असं मोघम सांगू नका. 'न्यूट्रल लूज आहे, गीझर लावल्यावर दुसऱ्या फेजचं व्होल्टेज वाढतं' असं सांगा. शेजाऱ्यांकडेही असंच होत असेल तर तेही सांगा, म्हणजे दोष खांबाकडे किंवा डीपीकडे आहे हे लाइनमनला लगेच कळेल.

आता दुकानदाराकडे येतो, आणि इथे मला राग आला आहे. १३,५०० रुपयांत ५ केव्हीएचा जो स्टॅबिलायझर मिळतो तो सिंगल फेजचा. तुमचं घर थ्री फेजचं. त्याने हा एक प्रश्नही न विचारता यंत्र गळ्यात मारायला काढलं आहे. तो एका फेजवर बसेल, बाकीच्या दोन फेज उघड्याच राहतील. शिवाय स्टॅबिलायझरचं मुख्य काम कमी व्होल्टेज वर चढवणं, आणि एलईडी टीव्हीला त्याची गरजच फारशी नसते. टीव्हीच्या मागचं लेबल वाचा. बहुतेकांवर १०० ते २४० व्होल्ट असं छापलेलं असतं. १६० व्होल्टवरही तो मुकाट्याने चालतो. त्याला मारतं ते जास्तीचं व्होल्टेज.

सर्ज प्रोटेक्टरचं काम त्याहून वेगळं. त्याच्या आत बिस्किटासारखा चपटा व्हॅरिस्टर असतो. वीज जवळपास पडली की लाइनमध्ये सेकंदाच्या काही लाखाव्या भागापुरता जो झटका येतो, तो हा व्हॅरिस्टर गिळतो. स्टॅबिलायझरचा रिले तेवढ्या वेळात हलतही नाही. पण न्यूट्रल तुटून साडेतीनशे व्होल्ट मिनिटभर आले, तर व्हॅरिस्टर स्वतःच जळतो. अर्थिंग नसेल तर त्याचं निम्मं काम होतच नाही, आणि झटके खाऊन तो झिजतो. म्हणून संरक्षण चालू असल्याचा दिवा असलेलाच घ्या आणि तो दिवा विझला की बदला.

सलग वाढलेल्या व्होल्टेजवर उपाय म्हणजे पॅनेलमध्ये बसणारा ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर. व्होल्टेज ठरलेल्या मर्यादेबाहेर, समजा २७० च्या वर, गेलं की तो लाइन तोडतो आणि व्होल्टेज सुधारल्यावर थोडं थांबून परत जोडतो. एमसीबी हे काम करत नाही. तिला फक्त करंट कळतो. तुमच्या तीन फेजना तीन लागतील, साधारण हजार-बाराशेचा एक.

जूनचा बिघाड मात्र यातल्या कशानेच थांबला नसता. टीव्ही सुरू होतो याचा अर्थ पॉवर बोर्ड शाबूत आहे. गेलं आहे ते सेट-टॉप बॉक्सकडून येणारं चित्र. माझ्या अंदाजाने तो झटका गच्चीवरच्या डिशच्या केबलमधून बॉक्समध्ये आणि तिथून एचडीएमआय वायरने टीव्हीत शिरला. भिंतीतल्या प्लगवर तुम्ही कितीही भारी यंत्र लावा, ही दुसरी वाट मोकळीच राहते. गच्चीवरच्या डिशला अर्थिंग करून घ्या, आणि गडगडाट सुरू झाला की टीव्हीचा प्लग आणि बॉक्सची डिश केबल, दोन्ही काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही.

आणि ३१,००० खर्च करण्याआधी बॉक्सची वायर टीव्हीच्या दुसऱ्या एचडीएमआय पोर्टला लावून पाहा. मग वायर बदलून, मग शेजाऱ्यांचा बॉक्स आणून पाहा. अशा झटक्यात अनेकदा एकच पोर्ट जातो, किंवा बॉक्सच गेलेला असतो. दुसऱ्या पोर्टवर चित्र आलं तर खर्च शून्य. नाहीच आलं तर ७,५०० चा बोर्ड हा नव्या टीव्हीच्या पाव किमतीत बसतो. टीव्हीचा स्क्रीन चांगला असताना मी बोर्डच बदलेन, पण न्यूट्रल दुरुस्त झाल्यावर.

वाढीव वॉरंटी घेऊ नका. तिच्या अटींत व्होल्टेजमधला चढउतार आणि वीज पडून झालेलं नुकसान हे 'मिळणार नाही'च्या यादीत सहसा असतंच. दुकानदाराला ते कलम तुमच्यासमोर मोठ्याने वाचायला सांगा. ज्या भीतीपोटी तुम्ही ३,९९९ देणार आहात, नेमकी तीच वगळलेली असेल.

बँकेच्या पॉलिसीकडूनही टीव्हीची आशा सोडा. एप्रिल २०२१ पासून घरांसाठी 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी आहे. तिच्यात शॉर्ट सर्किट, विजेचा जादा दाब किंवा वीज पडल्यामुळे जे विद्युत उपकरण जळतं, त्या उपकरणाची भरपाई वगळलेली आहे. त्यातून आग पसरून बाकीचं सामान जळलं तर ते मात्र धरलं जातं. म्हणून पॉलिसी बाहेर काढा आणि दोन गोष्टी बघा: तिची मुदत अजून चालू आहे का, आणि ती फक्त इमारतीची आहे की सामानाचीही. तापणाऱ्या जोडाच्या घरात हे माहीत असायला हवं.

दुकानदाराचा आकडा टीव्हीसकट साडेअठ्ठेचाळीस हजार होतो. मी सांगतो त्यात वायरमनचे हजार-दीड हजार, तीन प्रोटेक्टरचे साडेतीन हजार, टीव्हीजवळच्या सर्ज प्रोटेक्टरचे हजार-बाराशे: म्हणजे साडेपाच ते सव्वासहा हजार, आणि लागलाच तर बोर्ड. सगळं धरून चौदा हजार.

मोजणीपुरता सोडला तर वायरमन येऊन जाईपर्यंत गीझर लावू नका. पाणी गॅसवर तापवा.