घर बघताना दिसलेले दोष मालकांना लिहून कसे कळवायचे?

घर पसंत आहे, पण बाथरूमचा नळ गळतोय आणि बेडरूमच्या भिंतीला ओल आहे. मालक "करून देतो" म्हणाले. लेखी कसं मागू?

डिपॉझिट द्यायच्या आधीच मेसेज किंवा ईमेल करा, फोटो जोडा. पैसे गेल्यावर नुसता तगादा लावत बसावं लागतं. मोघम लिहू नका, जागा आणि काम दोन्ही नेमकं सांगा:

"नमस्कार, काल घर पाहिलं, आवडलं. राहायला येण्याआधी एवढं करून द्यावं: बाथरूमचा बेसिनचा नळ बंद केल्यावरही ठिबकतो, तो बदलावा. बेडरूमच्या बाथरूमलगतच्या भिंतीला खाली ओल आहे, गळती शोधून थांबवावी आणि भिंत सुकल्यावर रंग द्यावा. खर्च आपण कराल ना, आणि कधीपर्यंत होईल, ते कृपया कळवावं."

ओलीचं वाक्य असंच ठेवा. नुसतं "रंग द्या" लिहिलंत तर ओल्या भिंतीवरच हात फिरवतात आणि थोड्याच दिवसांत पापुद्रे सुटतात.

मालकांचं "हो" लेखी आलं की तीच यादी तारखेसह करारात घालून घ्या. किल्ली घेण्याआधी बाथरूम भरपूर वापरून बघा, मग त्या भिंतीला खाली हात लावा. गार, दमट लागली तर गळती तशीच असू शकते.