परतीचे दिवस मोजताना आजीच्या हिशोबात निघालेला घोळ

प्रश्न: परदेशातून येणाऱ्या माणसाची वाट बघताना दिवस मोजले की हमखास एक-दोन दिवसांचा घोळ होतो. तुमच्या घरी कुणाचा असा हिशोब चुकलाय का? नेमकं चुकतं कुठे?

उत्तर:

आमच्या घरी हा घोळ २०२४ साली झाला. हिशोब माझ्या आजीचा होता आणि चूकही तिनेच शोधून काढली. एक नाही, तीन चुका होत्या. त्यातल्या दोन एकमेकींना झाकून बसल्या होत्या, म्हणून पन्नासेक दिवस कुणाला पत्ताच लागला नाही.

माझा दादा अमेरिकेत पश्चिम किनाऱ्यावर असतो. तीन वर्षं तो घरी आला नव्हता. १० जानेवारीला, बुधवारी रात्री त्याचा फोन आला, "आजी, तिकीट काढलं. चौदा मार्चची फ्लाइट आहे." फोन ठेवल्याबरोबर आजी बोटांच्या पेरांवर मोजायला लागली. दहा ते एकतीस जानेवारी बावीस दिवस, फेब्रुवारीचे अठ्ठावीस आणि मार्चचे चौदा. एकूण चौसष्ट.

आजीने उभं आयुष्य शिवणकामात काढलं. तिच्याकडे बटणांचा मोठा डबा आहे. त्यातून तिने चौसष्ट बटणं मोजून काढली आणि जाड दोऱ्यात ओवून दिवाणखान्यातल्या खिडकीच्या कडीला टांगली. रोज सकाळी तोंड धुतलं की पहिलं काम म्हणजे गाठ सोडायची, खालचं एक बटण काढायचं आणि पुन्हा गाठ मारायची. ओवताना तिने एक हुशारी केली होती. साध्या दिवसाला शर्टाचं छोटं पांढरं बटण आणि रविवारला कोटाचं मोठं काळं. दादाचा निवांत फोन रविवारी यायचा, म्हणून तिला रविवार दुरूनच दिसायला हवे होते. पुढे त्याच काळ्या बटणांनी सगळा हिशोब उघडा पाडला.

फेब्रुवारी संपेपर्यंत सगळं सुरळीत चाललं होतं. २९ तारखेला सकाळी पेपर हातात घेतला आणि आजी थबकली. तिच्या डोक्यात त्या दिवशी एक मार्च होती. २०२४ हे लीप वर्ष, फेब्रुवारी एकोणतीस दिवसांचा, हे मोजताना तिच्या लक्षातच आलं नव्हतं. ती हिरमुसली. वाट बघणाऱ्याला एक दिवस वाढणं म्हणजे काय ते मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. पण हिशोब म्हणजे हिशोब. तिने डब्यातून एक पांढरं बटण आणलं, माळेच्या खालच्या टोकाला ओवलं आणि त्या दिवसाचं म्हणून तेच काढून ठेवलं.

तीन दिवसांनी, ३ मार्चला सकाळी तिने मला हाक मारली. "आज वार कोणता गं?"

"रविवार."

"मग हे बघ." तिच्या हातात पांढरं बटण होतं. काळं त्याच्या वर, उद्याच्या जागी.

मला वाटलं, ओवताना एखादं काळं मागेपुढे झालं असेल. आजीला ते पटेना. सात रविवार काळी बटणं बरोबर रविवारीच आली होती, मग आठवं एका दिवसाने का सरकावं? लीप वर्षाचं बटण घालेपर्यंत माळ वाराशी जुळत होती आणि घातल्यावर बिघडली. म्हणजे चूक दुरुस्त केल्यामुळे हिशोब चुकला. ती वाक्य दोन-तीनदा पुटपुटली आणि कॅलेंडर घेऊन जमिनीवर बसली.

आम्ही दोघींनी मिळून पहिल्यापासून मोजलं. फेब्रुवारीत तिने एक दिवस कमी धरला होता, हे तर कळलंच होतं. तरीही चौसष्ट हा आकडा बरोबर येत असेल, तर दुसरीकडे कुठेतरी एक दिवस जास्त धरला असणार. तो सापडला जानेवारीत. "दहा ते एकतीस, बावीस दिवस" हे मोजणं एरवी चूक नाही. कुणी १० ते ३१ तारखेपर्यंत रजेवर असेल तर त्याची रजा बावीस दिवसांचीच भरते, कारण तिथे दोन्ही टोकांचे दिवस खर्ची पडतात. वाट बघण्याचा हिशोब तसा नसतो. फोन दहा तारखेला रात्री आला, तो दिवस तर संपलाच होता. पहिलं बटण निघालं ते अकरा तारखेला, गुरुवारी. मधल्या रात्री मोजल्या तर दहाच्या रात्रीपासून एकतीसच्या सकाळपर्यंत एकवीसच भरतात.

मला विचाराल तर सगळ्यात जास्त माणसं इथेच घसरतात. दिवस मोजायला घेतले की आजचा धरायचा का आणि शेवटचा धरायचा का, असे दोन प्रश्न उभे राहतात आणि जो तो आपल्या सवयीप्रमाणे ठरवतो. रात्री मोजल्या की तो प्रश्नच उरत नाही. आजीला मी तसं मोजायला सांगितलं. तिने फोनच्या रात्रीपासून एकेक रात्र बोटाने दाबत मोजली. जानेवारीच्या एकवीस, फेब्रुवारीच्या एकोणतीस, मार्चच्या चौदा. पुन्हा चौसष्टच. एक दिवस जास्त आणि एक दिवस कमी, त्यामुळे पहिल्याच रात्री आकडा योगायोगाने बरोबर आला होता.

मग तिने वाराचा ताळा घेतला. हा मी तिच्याकडूनच शिकले. चौसष्टमधून सातचे पूर्ण आठवडे काढले तर नऊ आठवडे होतात आणि एक दिवस उरतो. फोन बुधवारी आला होता, म्हणून चौसष्टावा दिवस गुरुवार यायला हवा. कॅलेंडरवर १४ मार्चला गुरुवारच होता. कोणताही लांबचा हिशोब असा तपासता येतो. उत्तराचा वार जुळला नाही तर मोजणीत नक्की गडबड आहे. जुळला तर चूक असलीच तरी पुऱ्या आठवड्याची असेल आणि एवढी मोठी चूक सहसा नजरेतून सुटत नाही.

आजी खूश झाली. जास्तीचं बटण तिने माळेतून काढलं, आता बारा राहिली. हा सगळा गोंधळ ऐकून बाबा बाहेर आले आणि त्यांनी फोनवर दादाचं तिकीट उघडलं. तिसरी चूक तिथे निघाली.

निघण्याची वेळ होती १४ मार्च, रात्री ९ वाजता. उतरण्याची वेळ सकाळी ७:३०, आणि तिच्या शेजारी बारीक अक्षरात +2. बाबांनी सांगितलं की त्याचा अर्थ निघाल्याच्या तारखेनंतर दोन दिवसांनी. दादा १६ तारखेला, शनिवारी सकाळी पोचणार होता. चौदा तारखेला तो तिकडून फक्त निघणार होता.

आजीचा यावर विश्वासच बसेना आणि त्याला कारणही होतं. दादा गेला तेव्हा पहाटे दोनला निघाला होता आणि त्याच तारखेला तिकडे पोचल्याचा त्याचा फोन आला होता. प्रवास एका दिवसाचा, मग परत येताना दोन तारखा कशा उलटतील? बाबांनी तिला कागदावर मांडून दाखवलं. मार्चच्या मध्यात तिकडचं घड्याळ आपल्या मागे साडेबारा तास असतं. दादा तिकडे चौदाच्या रात्री ९ वाजता विमानात बसेल तेव्हा आपल्याकडे पंधराची सकाळ असेल, साडेनऊ वाजलेले. मधल्या थांब्यासकट प्रवास बावीस तासांचा. साडेनऊच्या पुढे बावीस तास मोजले की सोळाची सकाळ येते, साडेसात. म्हणजे विमानात बसायच्या आधीच एक तारीख घड्याळांच्या फरकात गेलेली असते आणि दुसरी आकाशात उलटते. जाताना हेच साडेबारा तास उलट बाजूने मिळाले होते, म्हणून पुरे बावीस तास प्रवास करूनही तारीख बदलली नव्हती.

तिकिटावर दोन्ही वेळा त्या त्या ठिकाणच्या घड्याळाप्रमाणे छापतात, त्यामुळे घरच्यांनी हे गणित करायची खरं तर गरजच नसते. उतरण्याची तारीख वाचली की झालं. पण येणारा माणूस फोनवर आपली तारीख सांगतो, म्हणजे निघण्याची. त्याच्या दृष्टीने त्या दिवशी सामान बांधून तयार असायचं असतं. ऐकणारा ती येण्याची तारीख समजतो. दादा खोटं बोलला नव्हता, आजीनेही चुकीचं ऐकलं नव्हतं. दोघांच्या मनात त्या तारखेला वेगवेगळं काम होतं, एवढंच.

कागदावरचे आकडे आजी बराच वेळ बघत होती. मग काही न बोलता उठली, आत्ताच काढलेलं बटण परत घेतलं, डब्यातून आणखी एक आणलं आणि या वेळी दोन्ही माळेच्या वरच्या टोकाला ओवली. खाली घातलं असतं तर रविवार पुन्हा सरकले असते. शेवटची दोन पांढरी बटणं शुक्रवारची आणि शनिवारची. मग तिने त्या दिवसाचं काळं बटण काढलं, कारण रविवारची सकाळ अजून संपली नव्हती.

ते दोन दिवस तिला फार जड गेले, हे मला सांगायलाच हवं. चौदा तारखेला तिने सकाळी बटण काढलं आणि दिवसभर कशातच तिचं मन लागलं नाही. मनाने तो दिवस तिने दोन महिने धरून ठेवला होता आणि आकडा दुरुस्त केला म्हणून मन लगेच दुरुस्त होत नाही. एवढ्यासाठी तरी मोजणी पहिल्याच दिवशी तिकीट बघून करावी असं मला मनापासून वाटतं. तरण्या माणसाला दोन दिवसांचं काही वाटत नाही. आजी तेव्हा एक्याऐंशीची होती.

शनिवारी विमान वेळेवर उतरलं. दादा दारात आला तेव्हा आजीने त्याला आधी जवळ घेतलं आणि मग विचारलं, "सोळाला येणार होतास तर सोळा का नाही म्हणालास रे?" दादाला काही कळेना, आम्ही त्याला माळेची सगळी हकीकत सांगितली. ती ऐकून तो रडला.

आता येण्याचं ठरलं की तो निघण्याची तारीख सांगतच नाही. "अमुक तारखेला, अमुक वारी सकाळी उतरतो," एवढंच सांगतो. आजी वाराचा ताळा घेते आणि तरीही बाबांना तिकीट उघडायला लावते.