बिफोर-आफ्टर स्प्लिट स्क्रीनमध्ये दोन क्लिप जुळवणं

प्रश्न: खोलीच्या आधीच्या नि नंतरच्या क्लिप अर्ध्या-अर्ध्या लावल्या, पण मधल्या रेषेवर खिडकी तुटते, काय करू?

आधी क्रॉप करूच नका, दोन्ही क्लिप पूर्ण साइजमध्ये एकावर एक ठेवा, वरचीचा ब्लेंड मोड Difference करा आणि मग पोझिशन-स्केल हलवा. यात सारखे पिक्सेल काळे दिसतात, म्हणून खिडकीची चौकट बघा, कडेला उजळ रेघ उरली म्हणजे अजून जुळलं नाही, आणि एक कड जुळवली की समोरची सुटत असेल तर स्केल चुकलाय (भिंतीला नवा रंग दिला असेल तर ती उजळच राहणार, तिकडे बघू नका). जुळलं की मोड Normal आणि वरची क्लिप 50 टक्के क्रॉप. पण कॅमेऱ्याची जागाच बदलली असेल तर जवळचं जुळवलं की लांबचं सुटतं, तेव्हा रेषेवर येतं तेवढंच जुळवा.