पुरातला पेशंट चालत आला म्हणजे ग्रीनच ना?

प्रश्न: डिझास्टर नर्सिंगच्या मॉड्युलमध्ये स्टार्ट ट्रायाज आहे. पुरातून काढलेला माणूस स्वतः चालत आला तर त्याला ग्रीन टॅग देऊन सोडायचं ना?

उत्तर: टॅग ग्रीनच, पण सोडायचं नाही. समजा सीनेला पूर आलाय, मोहोळकडच्या एका गावातून बोटीने चौघं आणले. एक आजी चालत उतरल्या, त्या ग्रीन. दुसऱ्याचा श्वास मिनिटाला 36, म्हणजे 30 च्या वर, तो तिथंच रेड, पुढं नाडी बघत बसू नका. तिसऱ्याचा श्वास 24, मनगटाची नाडी लागते, "हात दाबा" म्हटलं की दाबतो पण पाय मोडलाय, तो यलो. चौथा श्वासच घेत नाही, हनुवटी उचलून श्वासमार्ग मोकळा केला आणि श्वास सुरू झाला तर रेड, नाहीच झाला तर ब्लॅक.

पुरात नखं दाबून रंग 2 सेकंदात परत येतो का ते बघण्यावर विसंबू नका, गारठलेल्या हाताला तो तसाही उशिरा येतो, त्यापेक्षा मनगटाची नाडी बघा.

आता आजींचं. नाकातोंडात पाणी गेलं असेल तर फुफ्फुसाचा त्रास काही तासांनी पण वाढतो, म्हणून ओले कपडे बदलून, ब्लँकेट देऊन त्यांना नजरेसमोरच बसवा आणि परत परत श्वास मोजा. खोकला थांबेना, धाप वाढली, बोलताना वाक्य तुटायला लागलं की परत ट्रायाज करा, श्वास 30 च्या वर गेला तर टॅग बदलून रेड. शेल्टरला पाठवायचं झालं तर तिथल्या सिस्टरला हे सांगूनच पाठवा.