पाटीवरचा ‘बंधु’ आणि आजचा ‘बंधू’

प्रश्न : मी एक लघुकथा लिहितोय. कोल्हापुरात महाद्वार रोडवर दोन चुलतभावांचं आजोबांपासून चालत आलेलं, भागीदारीतलं कापडाचं दुकान आहे. जुन्या पाटीवर ‘माने बंधु वस्त्र भांडार’ असं आहे. नवी पाटी करताना एक म्हणतो ‘बंधु’च राहू दे, दुसरा म्हणतो ‘बंधू’ हवं. यावरून रात्रभर भांडण. खरं बरोबर कोण?

उत्तर : आधी एक विचारतो, जुनी पाटी कधी रंगवली? भांडणाचा निम्मा निकाल त्यावर लागतो. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे पहिले चौदा नियम राज्य सरकारने १९६२ साली मान्य केले. त्याआधी संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द बरेच लोक संस्कृतासारखेच लिहीत : कवि, गुरु, साधु, बंधु. पाटी १९५०च्या आसपासची असेल, तर आजोबांनी काही चूक केलेली नाही, त्यांच्या काळाच्या रीतीनेच लिहिलं. पाटी १९८५ची असेल, तर ती पेंटरच्या हाताची सवय. कथेत हे साल एकदा येऊन जाऊ द्या.

आजचा नियम असा, की असे शब्द सुटे असतील तर शेवटचा इकार-उकार दीर्घ. कारण साधं आहे. मराठी माणूस शब्दाच्या शेवटचा स्वर लांबवूनच उच्चारतो. ‘बंधु’ लिहिलेलं असलं तरी तोंडातून ‘बंधू’च येतं. मात्र तोच शब्द समासात पहिला आला, की मूळचा ऱ्हस्व परत येतो : बंधुभाव, बंधुप्रेम.

तुमच्या दुसऱ्या भावाला पुरावा हवा असेल, तर तो गावातच आहे. रविवार पेठेतला ‘वि’ ऱ्हस्व, कारण संस्कृत ‘रवि’ समासात पहिला आलाय. सुटा लिहिला तर ‘रवी’. लक्ष्मीपुरीतला ‘मी’ दीर्घ, कारण तो संस्कृतातच दीर्घ आहे. शाहूपुरीतला ‘हू’ही दीर्घ, कारण ‘शाहू’ हा संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्दच नव्हे, त्याला ऱ्हस्व होण्याचं कारण नाही.

इथे पहिला भाऊ हुशार असेल तर लगेच अडवेल : “मग बंधुपुढं वस्त्र भांडार हायच की. झाला समास!” मुद्दा चांगला आहे, पण टिकत नाही. ‘माने बंधू’ हे मालकांचं नाव आणि ‘वस्त्रभांडार’ हे दुकान. ‘बंधू’ त्या भांडाराला चिकटलेला नाही, ‘माने’ला लागून आलाय आणि तिथेच संपतो. म्हणून दीर्घ. दुकानाचं नाव ‘बंधुप्रेम वस्त्रभांडार’ असतं तर मात्र ऱ्हस्व. दुसरा अडथळा पहाटे तीनला यावा : “परंतु लिवताना तु ऱ्हस्व, मग बंधूला काय झालं?” याचं उत्तर नियमातच आहे : परंतु, तथापि यांसारखी अव्ययं ऱ्हस्वच राहतात. मराठीतला ‘आणि’सुद्धा ऱ्हस्वान्तच.

रात्रभर दोघांनी धु-धू करण्यात खरं तर एक चूक दोघांच्याही नजरेतून सुटलीय. ‘वस्त्र भांडार’ तोडून लिहिलंय. तो समास आहे, ‘वस्त्रभांडार’ असा जोडून हवा. पाटी अरुंद असली की पेंटर शब्द तोडतात, मग तीच तोड पावतीपुस्तकात जाते.

तरीही पहिल्या भावाला मी पूर्ण हरवणार नाही. दुकानाचं नाव हे विशेषनाम आहे. भागीदारीच्या करारात, बँकेत, पावत्यांवर ‘बंधु’ असेल, तर मालकाला ते तसंच ठेवण्याचा हक्क आहे; शुद्धलेखनाचा नियम पाटी उतरवायला येत नाही. राज्याचा कायदा येतो, पण तो वेगळंच बघतो : पाटी मराठीत, देवनागरीत हवी आणि मराठी अक्षरं दुसऱ्या लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नकोत. २०२२च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांनाही हे लागू झालं. ऱ्हस्व-दीर्घाबद्दल त्यात काही नाही.

तुमच्यापुरतं म्हणाल, तर निवेदनात ‘बंधू’ लिहा, आणि पाटीवरचा मजकूर अवतरणात देताना जुना ‘बंधु’ तसाच ठेवा, नाहीतर वाचकाला भांडण कशावरून चाललंय तेच कळणार नाही. मुद्रितशोधकाला तसं आधीच लिहून कळवा. तो अवतरणातलाही ‘धु’ दीर्घ करून टाकेल. संवाद पुस्तकी नकोत. “आज्यानं लिवलंय ते पुसणारा तू कोण रं?” “आज्यानं न्हाई, पेंटरनं लिवलंय!” एवढ्यावर एक पान सहज निघतं.