ऑटोमॅटिक घड्याळाला वाइंडर लागतोच का?

लातूरला राहतो. ऑटोमॅटिक घड्याळ लग्नकार्यापुरतंच घालतो, एरवी कपाटात बंद पडून असतं. घड्याळ सतत फिरवत ठेवून त्याला चावी देणारा वाइंडर घेऊ का?

नका घेऊ. बंद घड्याळ झिजत नाही; वाइंडरवर मात्र ते रात्रंदिवस चालतं. तेल घट्ट होण्याची भीती जुन्या तेलांच्या काळातली.

घालायच्या दिवशी किल्लीला 20-30 वेढे द्या. किल्ली आट्यांची असेल तर आधी ती सोडवा. मग काटे पुढे फिरवा. तारीख उलटली की रात्रीचे बारा झाले असं धरा, काटे सकाळच्या सहावर आणा आणि तेव्हाच तारीख जुळवा. रात्री 9 ते पहाटे 3 या वेळेत तारखेची चाकं गुंतलेली असतात. तेव्हा तारीख जोर लावून बदलली तर दात तुटू शकतो.

वाइंडर खरा उपयोगी पडतो तो तारीख, वार, महिना, लीप वर्ष सगळं सांभाळणाऱ्या घड्याळाला, कारण ते पुन्हा जुळवणं फार किचकट असतं.