स्वयंसेवकांचं ब्रीफिंग कधी ठेवावं आणि कोण राहिलं हे कसं शोधावं

प्रश्न: नागपुरात आमच्या मंडळाची १० किलोमीटरची रन आहे, सव्वाशे स्वयंसेवक आहेत. मीटिंगला सगळे एकदम कधीच येत नाहीत. ब्रीफिंग कधी ठेवावं, आणि प्रत्येकानं ते केलं की नाही हे रनच्या आधी खात्रीनं कसं कळेल?

उत्तर:

मी काही वर्षं इथल्या एका रनच्या स्वयंसेवकांचं काम बघते. पहिल्या वर्षी आम्ही रनच्या तीन आठवडे आधी एका सभागृहात सगळ्यांना बोलावलं, दारात हजेरीची वही ठेवली आणि वहीत जवळजवळ सगळ्यांच्या सह्या पाहून निश्चिंत झालो. रनच्या सकाळी एका वळणावर चार मुलांनी १० किलोमीटरच्या धावपटूंना ५ किलोमीटरच्या रस्त्यावर वळवलं. चौघांच्याही सह्या वहीत होत्या. दोघांच्या मित्रांनी केल्या होत्या, आणि उरलेले दोघं सही करून चहानंतर निघून गेले होते. "ताई, आम्हाले कोणी सांगितलंच नाही," असं त्यातला एक जण म्हणाला, आणि ते खरं होतं. ज्यांची महिनाभराची तयारी त्या वळणावर वाया गेली, त्या धावपटूंचे चेहरे मला अजून आठवतात.

तेव्हापासून ब्रीफिंग शेवटच्या आठ दिवसांतच ठेवते. त्याआधी सांगितलेलं लोक विसरतात, आणि रस्त्याची परवानगी येईपर्यंत पॉइंटही बदलत राहतात. रन रविवारी असेल तर आधीच्या रविवारी सकाळी १० वाजता पहिलं सत्र. मिहानमधले नोकरदार आणि घरच्या बायका याला येतात. मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला कॉलेजच्या मुलांसाठी. जागा सीताबर्डीच्या आसपास घ्या, कारण मेट्रोच्या दोन्ही मार्गिका तिथे मिळतात. खापरीकडचा असो की प्रजापती नगरचा, "लांब पडतं" असं कोणी म्हणत नाही. तारखा ठरवण्याआधी कॉलेजचं परीक्षेचं वेळापत्रक मात्र बघा. शुक्रवारी संध्याकाळी ७ वाजता चौथं सत्र, फक्त राहिलेल्यांसाठी. हे सत्र आधी जाहीर करू नका. केलंत तर निम्मे लोक त्याचीच वाट बघतात.

प्रत्येक सत्रात पाऊण तास पुरतो. पहिली पंधरा मिनिटं सगळ्यांना एकत्र, मग पॉइंटनुसार घोळके करायचे आणि पुढचं पॉइंट लीडनं बोलायचं. पाण्याच्या टेबलावरच्या माणसाला वळणाचे नियम ऐकवत बसलं की दोघांच्याही डोक्यात काही राहत नाही.

हजेरी सत्र संपताना घ्यायची, आत येताना नाही. शेवटी फॉर्मचा क्यूआर कोड दाखवते. त्यात नाव आणि मोबाइल नंबर, शिवाय तीन प्रश्न: तुमचा पॉइंट कोणता, लीड कोण, आणि धावपटू चुकीच्या वाटेला लागला तर काय कराल. तिसऱ्याचं उत्तर चुकलं तर तो माणूस हजर असूनही माझ्या हिशेबात 'झालं' नाही. लीड त्याला तिथेच परत समजावतो. स्मार्टफोन नसलेल्यांची माहिती एक जण त्यांच्या समोर भरतो.

यातही एक पळवाट आहे. कोणीतरी कोडचा फोटो ग्रुपवर टाकतो आणि न आलेले घरून फॉर्म भरतात. म्हणून कोड दाखवण्याआधी डोकी मोजा आणि दहा मिनिटांत फॉर्म बंद करा. एकदा खोलीत ३१ जण होते आणि फॉर्ममध्ये ३४ ओळी आल्या. लीडसोबत नावं वाचली तेव्हा ते जास्तीचे तिघं लगेच सापडले.

आता राहिलेल्यांची यादी. नावांवरून जुळवणी करू नका. नोंदणीत मराठीत लिहिलेलं नाव फॉर्ममध्ये इंग्रजीत येतं, आडनाव कधी असतं, कधी नसतं. मोबाइल नंबरावरून जुळवा, पण आधी त्यातल्या मोकळ्या जागा, रेघा आणि सुरुवातीचा ९१ काढा. गूगल शीटमध्ये नोंदणीच्या पानावर A मध्ये नाव, B मध्ये नंबर, D मध्ये पॉइंट ठेवा, आणि C2 मध्ये हे लिहून खाली ओढा:

```
=RIGHT(REGEXREPLACE(B2&"","\D",""),10)
```

'हजेरी' नावाच्या पानावरही C स्तंभात असाच साफ केलेला नंबर ठेवा. मग नोंदणीच्या पानावर H2 मध्ये:

```
=FILTER(A2:D200,C2:C200<>"",COUNTIF('हजेरी'!C:C,C2:C200)=0)
```

न आलेल्यांची यादी आपोआप दिसते, आणि प्रत्येक सत्रानंतर ती छोटी होत जाते. कोणीच उरलं नाही की तिथे `#N/A` येतं. ती चूक समजून घाबरू नका, त्याचीच तर आपण वाट बघत असतो.

भावंडांकडे मात्र लक्ष द्या. दोघं बहीणभाऊ आईचा एकच नंबर देतात, एक जण येतो आणि शीट दोघांनाही हजर धरते. नोंदणी बंद झाल्यावर एकच नंबर दोनदा आलाय का ते बघा आणि वेगळा नंबर मागून घ्या.

गेल्या वेळचा हिशेब सांगते. आम्हाला ११४ माणसं लागणार होती, नोंदणी १२६ ची घेतली होती. रविवारी ५२, मंगळवारी ३१, गुरुवारी १९ आले, म्हणजे २४ राहिले. त्याच रात्री यादी पॉइंटनुसार लावली, तेव्हा लॉ कॉलेज चौकाच्या वळणावरच्या सहापैकी चौघं त्यात निघाले. नुसती बेरीज बघितली असती तर १२६ पैकी १०२ म्हणजे छान, असं म्हणून मी झोपले असते. एकूण आकड्यापेक्षा प्रत्येक पॉइंटचा आकडा बघा, हे मी अगदी कळकळीनं सांगते.

शुक्रवारी सकाळी लीडनी २४ जणांना फोन केले. ग्रुपवर मेसेज टाकून हे काम होत नाही, फोनच करावा लागतो. पाच जणांनी येणार नाही म्हणून सांगितलं, १४ संध्याकाळी आले. दोघी नर्स ड्यूटीमुळे येऊ शकत नव्हत्या. त्यांना लीडनं फोनवर सगळं सांगितलं, तेच तीन प्रश्न विचारले आणि नोंदीत 'फोनवर' असं लिहिलं. तिघांनी फोन उचललाच नाही, त्यांची नावं कापली. झाले ११८. लॉ कॉलेज चौकासाठी आधीच्या सत्रांना आलेले दोन अनुभवी स्वयंसेवक पाण्याच्या टेबलावरून हलवले आणि त्या लीडनं त्यांना वळण नव्यानं समजावलं.

टी-शर्ट आणि आयडी कार्ड ब्रीफिंग झाल्यावरच द्या, आधी कधीच नाही. एकदा टी-शर्ट हातात पडला की मुलं परत येत नाहीत, आणि रनच्या सकाळी अंगात टी-शर्ट असलेल्याला कोणी काही विचारत नाही.

शनिवारी संध्याकाळी प्रत्येक लीडला त्याच्या पॉइंटची छापील यादी द्या, फक्त ब्रीफिंग झालेल्यांची. पहाटे साडेचारला यादीबाहेरचा कोणी आलाच तर परत पाठवू नका, थंडीत उठून आलेला असतो बिचारा. त्याला पाण्याच्या टेबलावर, ब्रीफिंग झालेल्या माणसाच्या बाजूला उभं करा. वळणावर मात्र कितीही माणसं कमी पडली तरी त्याला ठेवू नका.